अन्न सूक्ष्मजीवशास्त्र, बी.एस्सी. भाग २, अंतर्गत परीक्षा (सांगली केंद्र): उत्तरपत्रिका

प्र. १. मिरजेतल्या एका बेकरीत लादी पावाचे पीठ रात्री मळून ठेवतात. मे महिन्यात ते पहाटेपर्यंत आंबट आणि सैल होते, जानेवारीत सकाळ झाली तरी फुगत नाही. कारणे लिहा. (६ गुण)

उत्तर: पाव फुगवण्याचे काम सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचे. मैद्यात यीस्टला लगेच वापरता येईल अशी साखर थोडीच असते. पाणी पडले की मैद्यातले अमायलेज हे विकर दळताना फुटलेल्या स्टार्चच्या कणांपासून माल्टोज बनवते आणि यीस्ट त्याचे ग्लुकोज करून घेते. बेकरीवाला वरून साखर घालतो, तिचे तुकडे यीस्टचे इन्व्हर्टेज करते. पुढची अभिक्रिया अशी:

C6H12O6 → 2 C2H5OH + 2 CO2

यीस्ट पिठात नवे बुडबुडे तयार करत नाही. मळताना जी हवा अडकते, तिचे बारीक बुडबुडे आधीच असतात. कार्बन डायऑक्साइड पिठातल्या पाण्यात विरघळतो, तिथून या बुडबुड्यांत शिरतो आणि ते मोठे होतात. म्हणून नीट न तिंबलेल्या पिठात यीस्ट कितीही टाकले तरी पावाला जाळी भरडच पडते. वायू धरून ठेवायला ग्लुटेनचे जाळे लागते. ज्वारीत ते नाही, त्यामुळे ज्वारीच्या पिठात वायू टिकत नाही (भाकरी फुगते ती वाफेने, यीस्टचा तिथे संबंध नाही).

आता तापमान. यीस्टला २६ ते ३० अंश सेल्सिअस मानवते. जानेवारीच्या रात्री पीठ याच्या बरेच खाली जाते. यीस्ट मरत नाही, पण मंदावते. मे महिन्यात वेग वाढतो, साखर लवकर संपते आणि उरलेल्या वेळात मैद्यातूनच आलेल्या लॅक्टिक आम्ल जिवाणूंना रान मोकळे मिळते. त्यांच्या आम्लाने आणि पिठातल्या प्रोटिएजने ग्लुटेन ढिले पडते, वायू निसटतो, पीठ बसते. उपाय साधे आहेत: उन्हाळ्यात यीस्ट कमी, पाणी गार, आणि मीठ मैद्याच्या सुमारे २ टक्के. मीठ यीस्टला आवर घालते, ग्लुटेन घट्टही करते. हिवाळ्यात कोमट पाणी घ्यावे. उकळते पाणी मात्र नको, कारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते. भट्टीतही तसेच होते. सुरुवातीला पाव झपाट्याने फुगतो, मग यीस्ट मरते, स्टार्च व ग्लुटेन घट्ट होऊन आकार धरतात आणि अल्कोहोल बहुतांशी उडून जाते.

प्र. २. १० ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण किण्वन झाल्यास ३० अंशांना किती कार्बन डायऑक्साइड मिळेल? (२ गुण)

उत्तर: ग्लुकोजचा रेणुभार १८०. १० ÷ १८० = ०.०५५६ मोल. वायू दुप्पट, म्हणजे ०.१११ मोल. ३० अंशांना १ मोल वायू सुमारे २४.९ लिटर जागा घेतो, म्हणून उत्तर सुमारे २.८ लिटर. हा सगळा वायू पावात राहत नाही, पुष्कळसा पृष्ठभागातून निसटतो.

प्र. ३. शिराळ्यातल्या एका घरी डिसेंबरमध्ये म्हशीच्या दुधाला विरजण लावले तरी सकाळी दूध तसेच राहिले. दही लागण्याची क्रिया स्पष्ट करून संभाव्य कारणे सांगा. (६ गुण)

उत्तर: विरजणातले लॅक्टोकॉकस लॅक्टिससारखे जिवाणू दुधातील लॅक्टोज फोडून ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवतात:

C6H12O6 → 2 CH3CHOHCOOH

यात वायू सुटत नाही. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो. आम्ल वाढते तसा केसीनच्या कणांतला कॅल्शियम फॉस्फेट विरघळत जातो आणि सामू ४.६ कडे आला की केसीनवरील विद्युतभार शून्य होतो. एकमेकांना दूर ठेवणारा भार गेल्याने कण चिकटतात, जाळे तयार होते आणि पाणी व स्निग्धांश त्यात अडकतात. म्हणजे दूध घट्ट होते ते आम्लाने. जिवाणू आम्ल पुरवतात एवढेच. अदमुऱ्या दह्यात ही क्रिया नुकतीच पुरी होत आलेली असते, आंबट दह्यात ती पुढे गेलेली असते.

डिसेंबरात पहिले कारण थंडी. या जिवाणूंना २५ ते ३० अंश लागतात. शिराळ्याच्या डोंगराळ भागात रात्री स्वयंपाकघर त्याच्या बरेच खाली जाते. भांडे गोधडीत गुंडाळतात किंवा पिठाच्या डब्यात ठेवतात ते याचसाठी. दुसरे कारण, विरजण कडक तापलेल्या दुधात पडले असेल. तिसरे कारण घरी कुणाला सुचत नाही: म्हशीला काससुजीसाठी प्रतिजैविक दिले असेल, तर त्याचा अंश दुधात येतो आणि विरजणातले जिवाणू वाढत नाहीत. असे दूध दिसायला, चवीला चांगलेच असते. डेअरीत दही बिघडले तर जिवाणूभक्षी विषाणूंचाही संशय घ्यावा लागतो.

दूध आधी उकळण्याचा फायदा फक्त निर्जंतुकीकरणाचा नाही. तापल्यावर निवळीतले प्रथिन उलगडून केसीनला चिकटते, त्यामुळे दही कवडीसारखे लागते आणि पाणी कमी सुटते. दह्याचा लोण्यासारखा वास डायअसिटिलचा.

दह्यात यीस्टचे काम नाही. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीला लॅक्टोज फोडता येत नाही. दह्यात बुडबुडे व दारूसारखा वास आला तर लॅक्टोज वापरणारे दुसरे यीस्ट शिरले असे समजावे.

प्र. ४. तासगावच्या एका घरात तीन बरण्या आहेत: तेलातले कैरीचे लोणचे, लिंबाचे लोणचे आणि मिठाच्या पाण्यातली गाजरे. यांपैकी कशात लॅक्टिक आम्ल जिवाणूंचे काम मुख्य आहे? (८ गुण)

उत्तर: गाजरांत. इतर दोन्हींत टिकाऊपणा मुख्यतः दुसऱ्याच गोष्टींनी येतो. 'लोणचे मुरते म्हणजे किण्वन होते' हे सरसकट विधान मला पटत नाही.

गाजरे ३ ते ५ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवली की मीठ भाजीतली साखर बाहेर ओढते आणि कुजवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना रोखते. लॅक्टिक आम्ल जिवाणूंना एवढे मीठ चालते. आधी ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस वाढतो. तो आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो, त्यामुळे पाणी फसफसते आणि बरणीतला ऑक्सिजन हटतो. आम्ल वाढले की त्यालाच ते सोसत नाही, मग लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम पुढचे काम करतो. सामू ४.६ च्या खाली गेला की क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम वाढू शकत नाही. चांगल्या बरणीत सामू ४ च्याही खाली जातो.

कैरी मुळातच आंबट, त्यात मीठ भरपूर, मोहरी आणि वर तेलाचा थर. इतक्या मिठात जिवाणूंची वाढ फारच थोडी. इथे 'मुरणे' म्हणजे मुख्यतः मीठ आत जाणे, फोडीतले पाणी सुटून खार होणे आणि फोड मऊ पडणे. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३, त्यात या जिवाणूंनाही जागा नाही.

यीस्ट लोणच्यात बहुधा उपद्रवीच. गाजरे पाण्याबाहेर डोकावली, तर पृष्ठभागावर पांढरी साय धरते. ती हवेवर जगणाऱ्या यीस्टची असते. हे यीस्ट लॅक्टिक आम्लच खाते, सामू पुन्हा चढतो आणि मग कुजवणाऱ्या जिवाणूंना संधी मिळते. म्हणून फोडी नेहमी पाण्याखाली किंवा तेलाखाली दाबून ठेवाव्यात आणि बरणीत ओला चमचा घालू नये.