मलप्रभेवरचा निबंध: रोहिणीला उत्तर

चि. रोहिणी,

तुझा मेसेज काल रात्री पाहिला. तुमच्या ग्रंथालयाच्या स्पर्धेला आलेला त्या मुलीचा मलप्रभा नदीवरचा निबंध दोनदा वाचला, आणि खाली जोडलेला, यंत्राचं लिखाण ओळखणाऱ्या साइटचा '९२ टक्के यंत्रलिखित' असा स्क्रीनशॉटही पाहिला. "बाई, मशीननं लिहिलंय का, हो की नाही एवढंच सांगा," असं म्हणतेस. मला सांगता येत नाही. नुसता मजकूर समोर ठेवून हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या साइटच्या आकड्यावर तर मी मुळीच विसंबणार नाही.

आधी एक साधी गोष्ट. स्पर्धेचे निबंध स्वहस्ताक्षरात मागवले होते ना? मग मला आलेला हा टाइप केलेला मजकूर कुणी केला? तूच फोननं कागदाचा फोटो काढून त्यातली अक्षरं उचललीस, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, ऱ्हस्व-दीर्घ दिसेल तिथं दुरुस्त केलंस. म्हणजे त्या साइटनं पोरीचा निबंध तपासलाच नाही, तुझ्या हातानं साफ झालेला तपासला. 'एकही चूक नाही' ही तुझी पहिली शंका तिथंच गळते. मूळ कागद काढून बघ. खाडाखोड कुठं आहे, कुठला शब्द खोडून कुठला लिहिलाय, हे त्या ९२ पेक्षा जास्त बोलतं. अर्थात मोबाइलवरून बघून कागदावर उतरवणारी मुलंही असतात, तेव्हा स्वच्छ कागद किंवा खाडाखोड हा पुरावा धरू नकोस. बोलायला सुरुवात म्हणून धर.

तुझ्या बाकीच्या खुणा: प्रत्येक परिच्छेद उपदेशानं संपतो, 'केवळ पाण्याचा प्रवाह नसून संस्कृतीची जननी' अशी वाक्यं, 'अनमोल ठेवा', 'आजच्या धावपळीच्या युगात'. अगं, हे सगळं आपणच शिकवलं! गाइडमधले निबंध फळ्यावर उतरवून, प्रस्तावना-उपसंहार पाठ करून घेऊन. धावपळीचं युग मी परीक्षक म्हणून एकतीस वर्षं तपासलंय, तेव्हा ही यंत्रं नव्हती. त्यातून आपल्या खानापूर भागातली पोरं. घरात 'काय करूलालास' चालतं, बाजारात कानडी, आणि प्रमाण मराठी भेटते ती फक्त पुस्तकात. अशा मुलानं निबंध लिहायचा म्हटला की तो पुस्तकीच होणार. तो इस्त्रीचा शर्ट आहे, दुसऱ्याचा असेलच असं नाही.

ही तपासणारी साधनं नेमकी इथंच फसतात. ढोबळ मानानं त्यातली बरीचशी हेच बघतात की पुढचा शब्द किती अपेक्षित होता आणि वाक्यांची लांबी किती एकसारखी आहे. सरळ, ओळखीचे शब्द आले की यंत्राकडे बोट. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर चालवून पाहिली. माणसांनी लिहिलेले ते निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. शिकून घेतलेल्या भाषेत जपून लिहिणाऱ्यावर संशय, असा तो प्रकार.

चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्राचा मजकूर १०० पैकी २६ वेळा ओळखला आणि माणसाच्या १०० पैकी ९ मजकुरांवर खोटा आळ घेतला. तेही इंग्रजीत; इतर भाषांत ते बरंच कच्चं आहे असं त्यांनीच सांगितलं होतं. जुलैत अचूकता कमी म्हणून बंद केलं. तुझ्याकडे ६४ निबंध आलेत. समज, त्यातले चार खरोखर यंत्राचे आहेत. त्या हिशेबानं चारातला एक सापडतो आणि उरलेल्या साठातली पाच-सहा निरपराध मुलं अडकतात. पकडलेल्या सहा-सात जणांत चोर एक! नंतरची साधनं सुधारली असतील, पण तुझ्या साइटनं मराठीवर किती चुका होतात हे कुठं लिहिलंय का? नसेल तर ९२ हा नुसता आकडा आहे. 'शंभरात ब्याण्णव खात्री' असा त्याचा अर्थ लावू नकोस.

आणि चॅटजीपीटीलाच 'हे तू लिहिलंस का' असं विचारायच्या फंदात पडू नकोस. दुसऱ्या कुणासाठी काय लिहिलं हे त्याला आठवत नसतं, तरी ते ठासून उत्तर देतं.

मी स्वतः हा आळ घेऊन बसलेय. नववीतल्या एका मुलाच्या निबंधात 'किंबहुना' आलं. मी वर्गात विचारलं, कुणाकडून लिहून आणलंस? तो गप्प राहिला, ते मी कबुली समजले. नंतर कळलं, आजोबांना दिसत नव्हतं, हा रोज त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, अग्रलेखासकट. आता तो उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. भेटला की 'किंबहुना बाई, बऱ्या आहात ना' म्हणतो. हसतो, पण त्या दिवसानंतर त्यानं माझ्या वर्गात एकही निबंध मनापासून लिहिला नाही, हे मला ठाऊक आहे.

मग करायचं काय? तिला एकटीला बोलावू नकोस. पहिल्या दहा निबंधांतल्या सगळ्यांना बोलाव, प्रत्येकाशी दहा मिनिटं. 'लेखकाशी गप्पा' म्हण, चौकशी म्हणू नकोस. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलू दे, मधे कानडी आली तरी टोकू नकोस. हिच्या निबंधात एक वाक्य आहे: 'पुलावर पाणी आलं की बस बंद होते आणि शाळेला सुट्टी मिळते म्हणून मला नदी आवडते.' त्याबद्दल विचार. कुठला पूल, त्या दिवशी घरी काय केलं, हे वाक्य आधी होतं की मागाहून घातलं? कच्चं लिहिलेलं असेल तर आणायला सांग, नसेल तर तो गुन्हा नव्हे. घाबरून पोरगी अडखळली तर तेही नव्हे.

एवढं करूनही शंका राहू शकते. तेव्हा निबंध आहे तसा तपास आणि गुण दे. तुमच्या पत्रकात स्वहस्ताक्षर, ५०० शब्द आणि शेवटची तारीख एवढंच होतं. फोन चालेल की नाही, दादानं सांगितलं तर चालेल की नाही, याबद्दल अक्षर नाही. न सांगितलेल्या नियमाखाली मूल बाद करणं मला पटत नाही. एखादं बक्षीस चुकीच्या हातात गेलं तर ग्रंथालयाचे पाचशे रुपये जातील, एवढंच.

पुढच्या वर्षी पत्रकातच स्पष्ट लिहा. मी तर म्हणेन तासभर ग्रंथालयातच बसवून लिहून घ्या, आणि विषय असा द्या की आजीला विचारल्याशिवाय पान भरणार नाही. कणकुंबीला उगम, सौंदत्तीजवळ धरण, कूडलसंगमला कृष्णेत विलीन, एवढं फोन क्षणात सांगतो. तुमच्या घाटावर कपडे धुवायला कोण बसायचं ते त्याला कुठून माहीत असणार?

तो स्क्रीनशॉट सेक्रेटरींना पाठवला नसशील तर पाठवू नकोस. ग्रुपवर टाकला असशील तर आत्ता काढ. आणि मुलीच्या नावासकट निबंध अनोळखी साइटवर पुन्हा चिकटवू नकोस.

बक्षीस समारंभ रविवारी आहे ना? शनिवारी दुपारी त्या दहाजणांना बोलाव. मी साडेबाराच्या बसनं येते. मूळ कागद काढून ठेव, तुझी दुरुस्त प्रत नको.

तुझी,
बाई