प्रदीर्घ वैद्यकीय अनुपस्थितीनंतर सेवासमाप्तीची सूचना

खासगी व गोपनीय
हातपोच, पोच घेऊन. दुसरी प्रत नोंदणीकृत टपालाने

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहत, कोल्हापूर
दिनांक २५ नोव्हेंबर २०२४

प्रति,
श्री. दत्तात्रय पाटील
सेटर-ऑपरेटर, सीएनसी टर्निंग विभाग

विषय : दिनांक ३१ डिसेंबर २०२४ रोजी कामाची वेळ संपल्यापासून तुमची सेवा समाप्त होत असल्याबाबत

स.न.वि.वि.

हे पत्र तुमच्या हाती टपालवाल्याने देऊ नये, म्हणून मी स्वतः घरी घेऊन आले आहे. यातला निर्णय १६ ऑक्टोबरच्या बैठकीत आपण समोरासमोर बोललो होतो, त्यामुळे तो तुम्हाला नवा नाही. तरीही तो कागदावर, कारणांसह आणि रकमांसह तुमच्याकडे असायला हवा. दिवाळीच्या तोंडावर असे पत्र कुणाच्या घरात जाऊ नये, म्हणून ते आजपर्यंत थांबवले.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ही शिस्तभंगाची कारवाई नाही. ४ जून २००७ पासून आजपर्यंत तुमच्या सेवापुस्तकात एकही मेमो नाही. तुमची अनुपस्थिती कंपनीने कधीही विनापरवानगी गैरहजेरी म्हणून धरलेली नाही. प्रत्येक महिन्याचा डॉक्टरांचा दाखला वेळेवर आला आणि त्याची नोंद आहे. सेवा समाप्त होण्याचे कारण एकच आहे : प्रकृतीमुळे तुम्हाला तुमचे काम, किंवा कंपनीत उपलब्ध असलेले दुसरे कोणतेही काम, नजीकच्या काळात करता येईल असे दोन्ही डॉक्टरांच्या मतानुसार दिसत नाही. आजाराचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. ते वैद्यकीय फाइलमध्ये आहे. ती फाइल माझ्या कपाटात कुलपात असते आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय विभागप्रमुखांनाही दाखवली जात नाही.

इथपर्यंत आपण कसे आलो, ते तारखांनिशी नोंदवते. तुम्ही यंत्रावर शेवटचे काम १४ ऑगस्ट २०२३ रोजी केले. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत हक्काची रजा, १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ मार्च २०२४ विशेष अर्धपगारी रजा आणि १ एप्रिल २०२४ पासून बिनपगारी रजा मंजूर झाली. तुमचे वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने राज्य कामगार विमा योजनेचा आजारपण लाभ तुम्हाला मिळू शकत नव्हता. म्हणूनच अर्धपगारी रजा नेहमीच्या तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांची केली होती.

१८ जून २०२४ रोजी मी आणि शॉप सुपरवायझर तुमच्या घरी आलो. त्या दिवशी तुम्ही म्हणालात की दोन महिन्यांनी उभे राहून काम जमेल असे वाटते. म्हणून तेव्हा कोणताही निर्णय घेतला नाही. २२ ऑगस्टला तुमच्या लेखी संमतीने औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासणी केली. त्यांच्या अहवालाची प्रत तुम्हाला त्याच आठवड्यात दिली. अहवालानुसार फिरत्या यंत्राजवळ काम, रात्रपाळी आणि सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहणे तुमच्यासाठी सुरक्षित नाही, आणि येत्या बारा महिन्यांत यात फरक पडण्याची शक्यता कमी आहे. हे मत तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांकडे पाठवले. ३ सप्टेंबरच्या त्यांच्या पत्रातही तेच निष्कर्ष आहेत.

यानंतर बसून करायच्या कामांचा विचार झाला. टूल स्टोअरमध्ये जड फिक्स्चर उचलावी लागतात, म्हणून ते काम डॉक्टरांनीच नाकारले. गेटवरच्या नोंदणीचे काम कंत्राटी संस्थेकडे आहे, तिथे कंपनीचे पद नाही. उरली ती तपासणी खोली. पाठीला आधार असलेली खुर्ची, कमी उंचीचे टेबल आणि दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती अशी सोय करून २३ ते २५ सप्टेंबर असे तीन दिवस तुम्ही तिथे काम करून पाहिले. तिसऱ्या दिवशी चाचणीच्या तक्त्यावर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलेत : ‘बसून जमते. दोन तासांनी हात थरथरतो. माप खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सही करत नाही.’ त्या दिवशीच्या शेवटच्या अकरा नगांसमोर तुमची सही नाही. सोळा वर्षे ज्या माणसाच्या सहीवर माल ट्रकमध्ये चढला, त्याने आपल्या मापाची खात्री नाही म्हणून सही रोखली. तो तक्ता मी जपून ठेवला आहे. तुमच्या प्रामाणिकपणाचा तो पुरावा आहे, तुमच्याविरुद्धचा नाही.

१६ ऑक्टोबरच्या बैठकीला तुम्ही, वहिनी आणि कामगार संघटनेचे प्रतिनिधी हजर होता. अर्धवेळ काम आणि आणखी सहा महिने बिनपगारी रजा हे दोन्ही पर्याय तिथे चर्चेला आले. अर्धवेळ कामातही मापाचा प्रश्न सुटत नव्हता. रजा वाढवून प्रकृतीत फरक पडेल असे दोन्हीपैकी एकही डॉक्टर म्हणत नव्हते, आणि तुम्हीच विचारलेत की पगार नाही, निधीही हाती नाही, अशी रजा घेऊन घर कसे चालवायचे. बैठकीच्या इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या आहेत. प्रत सोबत आहे.

या सर्व बाबींचा विचार करून, तुमच्या नियुक्तिपत्रातील एक महिन्याच्या नोटिसीच्या अटीनुसार, ही सेवासमाप्तीची सूचना देत आहोत. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २ (ओओ) (सी) नुसार सततच्या अनारोग्यामुळे झालेली सेवासमाप्ती ही कामगारकपात ठरत नाही. असे असले तरी कंपनी सानुग्रह रक्कम देत आहे. ती देण्यामुळे कायद्याबाबतची कंपनीची भूमिका बदलत नाही. तसेच ती स्वीकारल्यामुळे तुमचा कोणताही हक्क कमी होत नाही. तुमच्याकडून हक्कसोडपत्र किंवा राजीनामा घेतला जाणार नाही. कुणी तसा कागद पुढे केला तर सही करू नका आणि मला फोन करा.

आता रकमा. ३१ डिसेंबर ही तारीख ठरवण्यामागे एक कारण आहे. ३० नोव्हेंबरला सेवा संपली असती तर ती १७ वर्षे आणि सहा महिन्यांना काही दिवस कमी अशी भरली असती, आणि ग्रॅच्युइटी १७ वर्षांचीच मिळाली असती. ३१ डिसेंबरला सहा महिने पुरे होऊन वर दिवस पडतात, म्हणून कायद्याप्रमाणे १८ वर्षे मोजली जातील. आजारपणाचा काळही अखंड सेवेतच धरला आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये. त्याला १५ ने गुणून २६ ने भागले की एका वर्षाचे १८,००० रुपये येतात. १८ वर्षांचे ३,२४,००० रुपये झाले. सानुग्रह रक्कम एकूण मासिक वेतन ३९,४०० रुपयांच्या निम्म्याने, म्हणजे वर्षाला १९,७०० रुपयांप्रमाणे, १८ वर्षांची ३,५४,६०० रुपये. डिसेंबर महिना नोटिसीचा असल्याने त्याचा पूर्ण पगार ३९,४०० रुपये मिळेल. कामावर येण्याची गरज नाही. फक्त या पगारातून भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर वजा होईल. हक्काची रजा शिल्लक नाही.

पगार २ जानेवारी २०२५ पर्यंत आणि ग्रॅच्युइटी व सानुग्रह रक्कम १५ जानेवारीपर्यंत, तुमच्या नेहमीच्या बँक खात्यात जमा होईल. ग्रॅच्युइटीचा अर्ज सोबत भरून आणला आहे, फक्त सही हवी. पण अर्ज राहिला तरी रक्कम अडणार नाही, ती देणे ही कंपनीचीच जबाबदारी आहे. पतसंस्थेच्या कर्जाची काळजी तुम्ही बैठकीत बोलून दाखवली होती. त्या कर्जापोटी ग्रॅच्युइटीतून एक रुपयाही वळता केला जाणार नाही. हप्त्यांचे काय करायचे ते तुम्ही आणि पतसंस्था मिळून ठरवा.

निधी आणि पेन्शनबाबत एक विनंती. सेवा संपल्याची तारीख आम्ही निधीच्या संकेतस्थळावर १० जानेवारीपर्यंत नोंदवू. तुमचे वय ५१ असल्याने मुदतपूर्व पेन्शन लगेच घेता येते, पण ५८ वर्षांना जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात कायमची लागते. म्हणून १०-डी अर्ज घाईने भरू नका. कायमच्या अपंगत्वाची पेन्शन लागू होते का, हे आधी कोल्हापूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात विचारू. तिथे मी तुमच्यासोबत येईन. त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते आणि कामास कायम अक्षम असल्याचा निष्कर्ष यावा लागतो, त्यामुळे ती मिळेलच असे मी लिहू शकत नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करायचा की नाही हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे.

गट आरोग्य विम्याचे संरक्षण तुम्हाला आणि वहिनींना ३१ मार्च २०२५ पर्यंत, म्हणजे चालू पॉलिसी संपेपर्यंत, सुरू राहील. विमा कंपनीचा लेखी होकार सोबत जोडला आहे. चालू उपचारांची बिले नेहमीप्रमाणे आमच्याकडेच द्या.

या निर्णयाबद्दल काही म्हणायचे असेल, एखादा अहवाल पाहिला गेला नाही असे वाटत असेल, किंवा प्रकृतीत फरक पडल्याचा नवा दाखला मिळाला असेल, तर १६ डिसेंबर २०२४ पर्यंत लेखी कळवा. कारखाना व्यवस्थापक स्वतः त्यावर विचार करतील आणि २३ डिसेंबरपर्यंत कारणांसह लेखी उत्तर देतील. तोवर हा निर्णय बदलू शकतो. तुम्ही संघटनेची किंवा वकिलांची मदत जरूर घ्या. कामगार खात्याकडे किंवा न्यायालयात जाण्याचा तुमचा हक्क या पत्राने बाधित होत नाही. पुढे कधी काम करण्यास तंदुरुस्त असल्याचा दाखला मिळाला, तर तुमच्या अर्जाचा इतरांआधी विचार होईल. पण त्या वेळी जागा असेल याची हमी आज देता येत नाही, आणि खोटी आशा लावणे मला बरोबर वाटत नाही.

सेवेच्या दाखल्यात पद, कालावधी आणि कामाचे स्वरूप असेल. सेवा संपण्याचे कारण नसेल. विभागात काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. तुम्ही सांगेपर्यंत आम्ही ‘पाटील ३१ डिसेंबरला सेवेतून मोकळे होत आहेत’ एवढेच सांगू.

सात नंबरच्या यंत्राशेजारचा तुमचा लोखंडी डबा जसाच्या तसा आहे. त्यात तुमचा स्वतःचा मायक्रोमीटर, दोन गेज आणि फायलींचा संच आहे. त्याची यादी विभागातल्या दोघांसमोर केली असून डब्याला कुलूप लावले आहे. तुम्ही येऊन न्यायचे म्हणालात तर गाडी पाठवते. नाहीतर घरी पोचवते. तुमच्या हाताखाली शिकलेल्या चार मुलांना तुम्हाला भेटायचे आहे. ते कारखान्यात की घरी, की इतक्यात नकोच, हे तुमच्या सोयीने सांगा.

कळावे,

आपली,
सुनीता देशमुख
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

सोबत : १६ ऑक्टोबरच्या बैठकीचे इतिवृत्त, रकमांचा हिशेब, ग्रॅच्युइटीचा अर्ज, विमा कंपनीचे पत्र

प्रत : कारखाना व्यवस्थापक (वैद्यकीय कागदपत्रांशिवाय)

पोच : वरील पत्र व सोबतचे कागद मिळाले. ही सही फक्त पत्र मिळाल्याची आहे, त्यातील मजकूर मान्य असल्याची नाही.
दत्तात्रय पाटील, २५ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ५.४० वाजता