देवळालीचे गणिताचे सर (द. रा. कापरेकर जन्मशताब्दी, १७ जानेवारी २००५)

नमस्कार. व्यासपीठावरचे मान्यवर, शिक्षक मंडळी, पालक, आणि खाली सतरंजीवर बसलेली आमची मुलं, तुम्हाला तर खास नमस्कार, कारण मी जे बोलणार आहे ते मुख्यतः तुमच्यासाठी आहे, मोठ्यांनी ऐकलं तर चांगलंच आहे. फळा मुद्दाम मागवून घेतलाय आणि खडूही आहे, ते का ते पुढे कळेल.

आज सोमवार, १७ जानेवारी २००५. बरोब्बर शंभर वर्षांपूर्वी, १७ जानेवारी १९०५ ला, ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. भाषणाची तयारी करताना मी एक नियम पाळला, जी गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी छापलेली सापडली आणि एकमेकांशी जुळली तेवढीच घ्यायची. ऐकीव किस्से भरपूर मिळतात, ऐकायला छानही वाटतात, पण ज्या माणसाने आयुष्यभर आकडा पडताळल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही त्याच्या शताब्दीला न पडताळलेलं बोलणं मला पटत नाही.

तर आई गेली तेव्हा दत्तात्रेय आठ वर्षांचे होते. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, म्हणजे घरात आकडेमोड सतत चाललेली. मुलाला पत्रिकेपेक्षा त्यातले आकडेच जास्त आवडले असणार असं मला वाटतं, हे मात्र माझं मत आहे बरं का, छापील नाही. शाळा ठाण्याला झाली आणि तिथे गणिताची कोडी सोडवत तासन्‌तास बसायचे. १९२३ ला पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले, १९२७ ला रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, स्वतःच्या डोक्याने केलेल्या नव्या कामासाठी दिलं जाणारं, आणि १९२९ ला बीएस्सी झाले. पुढे एमएस्सी नाही, पीएचडी नाही, परदेश नाही. आले ते थेट आपल्या देवळालीला, शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून, आणि १९६२ ला रिटायर होईपर्यंत इथेच राहिले.

इथे मला थांबून एक सांगायचंय. सरांची ओळख करून देताना सगळे म्हणतात की ते शिक्षक होते पण गणितज्ञ म्हणून जगभर गाजले. तो "पण" मला नेहमी खटकतो. सरांचं जे गणित आहे ना, त्यातला मोठा भाग चौथी-पाचवीच्या मुलाला येणाऱ्या बेरीज-वजाबाकीवर उभा आहे. तो माणूस रोज तीच बेरीज-वजाबाकी मुलांना शिकवत होता, रोज फळ्यावर आकडे लिहीत आणि पुसत होता, आणि आपण सगळे जे पुसून टाकतो त्याच्याकडे तो परत वळून बघत होता. शिक्षकपण बाजूला काढलं तर या गणितातलं काय उरेल मला सांगता येणार नाही.

आता फळ्याकडे बघा. सरांचं जन्मसाल घेऊ, १९०५. यातले चार आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, ९५१०. लहानाकडून मोठ्याकडे लावा, ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा, आणि थांबू नका:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चं करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथून पुढे हलतच नाही. आणि आज शताब्दीचं साल आहे २००५, त्याचं काय होतं ते मी काल रात्री वहीत करून पाहिलं:

५२०० − ००२५ = ५१७५
७५५१ − १५५७ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

परत तेच! आणि दोन्ही सालांना सात-सात पायऱ्या लागल्या. सातच्या वर कुठल्याही चार आकडी संख्येला लागत नाहीत, सात म्हणजे सगळ्यात लांबचा रस्ता. फक्त ११११, २२२२ असे चारही आकडे सारखे असलेले घेऊ नका, त्यांची वजाबाकी पहिल्याच फटक्यात शून्य होते. दुसऱ्या कुठल्याही आकड्यांनी सुरुवात करा, शेवट ६१७४ लाच. १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत सरांनी हे जाहीर केलं, पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका नावाच्या नियतकालिकात ते छापून आलं, आणि आज जगात कुठेही या ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. मुलांनो, नीट लक्षात घ्या, यात काय वापरलं? आकडे उलटसुलट लावणं आणि हातचा घेऊन वजाबाकी. संपलं. हातचा चुकला की मात्र ६१७४ येत नाही, तेव्हा वजाबाकीचा सराव कशाला करायचा असं परत मला कुणी विचारू नका.

आणखी एक दाखवते, हे मला ६१७४ पेक्षाही जास्त आवडतं. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच आकडे मिळवा. २१ घेतले तर २ आणि १ तीन, २१ अधिक ३ चोवीस, म्हणजे २४ हे २१ मधून निघाले. १९७९ घ्या, आकड्यांची बेरीज २६, मिळवा, आलं २००५, म्हणजे आजचं साल १९७९ मधून निघालं. आता मला सांगा २० कशातून निघतात? १४ मधून १९ निघतात, १५ मधून २१, मधले २० राहूनच गेले. कितीही शोधा, वीसला आईबाप नाहीत. तसेच ३१, ४२, ५३. अशा संख्यांना सरांनी स्वयंभू म्हटलं, आणि त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. आपल्या गावाचं नाव गणितात आहे हो! इथे राहणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? स्टेशनवर पाटी असती तर किती बरं झालं असतं, आणि ही मागणी मी आज सगळ्या मान्यवरांसमोर जाहीरपणे करते. डोंबिवलीचंही तसंच, जुन्या जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या नाव दिलं, १२१, १२३२१ वगैरे. ट्रेनची वाट बघत असतानासुद्धा आकडेच. दारुड्याला जशी त्या धुंदीतून बाहेर यावंसं वाटत नाही तसं माझं आकड्यांच्या बाबतीत होतं, असं ते स्वतःबद्दल सांगायचे.

हे सगळं त्या काळात कौतुकाने घेतलं गेलं का, तर नाही. आपल्याच देशातले बरेच गणितज्ञ हसायचे, हा पोरखेळ आहे म्हणायचे. मोठी नियतकालिकं छापायची नाहीत म्हणून सर स्वतः पुस्तिका छापून काढायचे, त्यावर प्रकाशनाचा पत्ता देवळालीचा. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ ची, म्हणजे रिटायर झाल्यावरची. शाळामास्तराच्या पगारात आणि मग पेन्शनमध्ये स्वतःच्या खर्चाने गणित छापायचं, आणि तेही कुणी विकत घेईल अशी आशा नसताना, याचा आपण जरा विचार करूया.

शताब्दीच्या दिवशी सांगू नये असं कुणाला वाटेल ते मी सांगतेच. १९६६ ला सरांच्या पत्नी गेल्या. त्यानंतर पेन्शनमध्ये भागेना. राहणी साधी होती तरी भागेना. म्हणून त्या वयात सरांना गणित आणि सायन्सच्या ट्यूशन घ्याव्या लागल्या. तीस वर्षांहून जास्त काळ ज्याने या गावातली मुलं शिकवली त्या माणसावर ही वेळ यायला नको होती, आणि आज फुलं वाहताना ते आपल्याला टोचायला हवं.

मग मार्च १९७५ ला अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या कोड्यांच्या सदरात सरांच्या कामावर लिहिलं आणि जगभरातले लोक हे गणित करून बघायला लागले. सर तेव्हा सत्तर वर्षांचे. रिटायर होऊन तेरा वर्षं झालेली. १९८६ ला देवळालीतच ते गेले. पाहायला मिळालं त्यांना थोडंफार, एवढंच समाधान.

एक गंमत राहिली, ती सांगून फळा मोकळा करते. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला सरांनी हर्षद संख्या म्हटलं. १९०५ च्या आकड्यांची बेरीज १५, आणि १५ गुणिले १२७ बरोब्बर १९०५. म्हणजे सरांचं जन्मसाल हर्षद! रिटायर झाले ते १९६२, आकड्यांची बेरीज १८, १८ गुणिले १०९ म्हणजे १९६२, तेही हर्षद. आणि आज साजरी करतोय ती शंभरी, १०० ची बेरीज १, एकाने भाग जातोच. यात काही दैवी नाही, वडिलांचं ज्योतिष यात आणायचं नाही, पण सर असते तर त्यांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

आता पुढच्या रांगेतली पाच-सहा मुलं वर या. प्रत्येकाने आपलं जन्मसाल लिहायचं आणि ६१७४ येईपर्यंत वजाबाकी करायची, एखाद्या पायरीला तीनच आकडे आले तर पुढे शून्य धरून चार करायचे. हातचा नीट घ्या. १९९३ वाल्यांचं दोनच पायऱ्यांत होईल, १९९२ वाल्यांना पाच लागतील आणि १९९१ वाल्यांना सहा, त्यांनी खाली जागा ठेवून वरून सुरुवात करा. बाई, खडू द्या त्यांना, आणि मागच्यांना दिसेल असं मोठं लिहा रे.