आबा, मोबाईल कंपनीच्या त्या मेसेजचा अर्थ

आबा,

सकाळी फोनवर तुम्ही जरा घाबरल्यासारखे वाटलात, म्हणून हे सविस्तर लिहून काकांना मोठ्या अक्षरांत छापायला सांगितलंय. फोन बंद होणार नाही, तुमचा नंबरही बदलणार नाही आणि दंड वगैरे काही लागलेला नाही. मेसेज खराच आहे, मी कंपनीच्या ॲपमध्ये बिल उघडून पाहिलं.

मेसेज असा आहे: "आपला ₹399 चा प्लॅन बंद होत आहे. 5 ऑक्टोबरपासून आपणांस ₹449 चा प्लॅन लागू होईल (50 GB). चालू बिलातील जादा डेटा वापर 6 GB, शुल्क ₹120."

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्यात, त्यामुळेच गोंधळ झाला. आधी 120 रुपयांचं सांगते.

डेटा म्हणजे इंटरनेटचा साठा. आपल्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तोवर टाकीत असेल तेवढ्यात भागवायचं आणि संपलंच तर टँकर मागवायचा, तसंच हे आहे. तुमची टाकी महिन्याला 40 जीबीची. 5 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर या बिलाच्या महिन्यात 46 जीबी खर्च झाले. वरचे 6 जीबी टँकरचे, एका जीबीला 20 रुपये. झाले 120.

एवढा खर्च का झाला? शेजारच्या बांधकामात वायफायची वायर तुटली आणि तीन आठवडे नेट बंद होतं. त्या दिवसांत कीर्तनं, सिद्धेश्वराची आरती, सगळं मोबाईलच्या डेटावर चाललं. त्यात दुपारी कीर्तन ऐकता ऐकता तुमचा डोळा लागतो, पण फोन थांबत नाही, एक संपलं की आपोआप दुसरं लावतो. यात तुमची काही चूक नाही. वायफाय बंद आहे हे तुम्हाला कळेल असं फोनवर ठळक काही दिसतच नाही.

आता बिलाचा हिशेब. 399 अधिक 120 म्हणजे 519. त्यावर 18 टक्के जीएसटी 93 रुपये 42 पैसे. एकूण 612 रुपये 42 पैसे. नेहमी तुम्हाला 470 रुपये 82 पैसे यायचं, म्हणून आकडा मोठा वाटला. हे बिल बरोबर आहे, मी इथून भरून टाकते. तुम्ही पेन्शनचे पैसे काढायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट प्लॅनची. जुना प्लॅन कंपनीने बंद केला, म्हणून 5 ऑक्टोबरपासून 449 चा लावणार. जीएसटी धरून 529 रुपये 82 पैसे. पण तो घेतलाच पाहिजे असं नाही. वायफाय चालू असताना तुमचे महिन्याला दहा-बारा जीबीच खर्च होतात. त्याच कंपनीचा 349 चा प्लॅन आहे, त्यात 25 जीबी आणि बोलणं फुकटच. जीएसटीसकट 411 रुपये 82 पैसे. मला तोच बरा वाटतो. न लागणाऱ्या डेटासाठी दर महिन्याला पैसे कशाला घालायचे? तरी ठरवायचं तुम्ही. ठरलं की रविवारी मी फोन केल्यावर आपण मिळून 198 वर बोलू. तो कंपनीचाच नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मात्र 5 ऑक्टोबरच्या आत करायला हवं.

तोवर एवढंच बघा. व्हिडिओ लावण्याआधी फोनच्या वरच्या पट्टीत पंख्यासारखं चिन्ह दिसतंय का, ते वायफायचं. दिसलं तर खुशाल बघा, आजीची मालिकाही लावा. नसेल तर काकांना हाक मारा. साधा फोन लावून बोललं तर डेटा अजिबात लागत नाही. व्हॉट्सॲपवरून बोललं, विशेषतः व्हिडिओ कॉल केला, तर लागतो. डेटा निम्मा संपला, नव्वद टक्के संपला आणि पूर्ण संपला की कंपनी मेसेज पाठवते. तसला मेसेज आला की मला लगेच कळवा, पुसून टाकू नका.

आणि हे फार महत्त्वाचं आहे आबा. अशा मेसेजच्या मागोमाग लबाड लोक फोन करतात, "प्लॅन बदलून देतो, आलेला ओटीपी सांगा" म्हणतात. गोड बोलतील, सिम बंद होईल म्हणून धमकावतील. ओटीपी सांगायचा नाही, कुठलीही लिंक दाबायची नाही, सरळ फोन ठेवायचा. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन लावा आणि मलाही सांगा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

कीर्तन बंद करू नका. आजीला नमस्कार सांगा.

तुमची,
सोनू