अंतर्गत समिती: सुनावणीत विचारायचे प्रश्न

तक्रारीचा गाभा: चाकणच्या कारखान्यात 14 मार्चला दुसऱ्या पाळीत स्टोअरमध्ये पर्यवेक्षकाने नकोसा स्पर्श केला, रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवले. प्रतिवादीचा लेखी खुलासा: रॅकमधून माल काढताना चुकून धक्का लागला. समितीने अजून काहीच ठरवलेले नाही, म्हणून प्रश्नात 'छळ' नको आणि 'चुकून'ही नको. आधी त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालील नियमांनुसार अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असल्याशिवाय सुरुवात करू नये.

तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार, तिघांनाही आधी सांगायचे: "आठवत नसेल तर तसं सांगा, अंदाजाने बोलू नका. इथलं बोलणं बाहेर कुणाशी बोलायचं नाही."

तक्रारदार
त्या दिवशी स्टोअरमध्ये गेल्यापासून काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा. (मध्ये तोडू नका. थांबल्या तर "मग?" एवढंच.)
तुम्ही कुठे उभ्या होतात, ते कुठे होते? कागदावर दाखवाल का?
स्पर्श कुठे आणि कसा झाला, किती वेळ?
त्या वेळी कोण काय बोललं? आठवतील तेच शब्द सांगा.
त्यानंतर तुम्ही काय केलंत? कुणाला सांगितलंत, कधी?
मेसेज तुमच्या फोनवर आहेत का? त्याआधीचं आणि नंतरचं बोलणंही दाखवाल का?

"तुम्ही ओरडला का नाहीत?" हा प्रश्न कुणीही विचारू नये. उत्तर काहीही आलं तरी त्यात दोष आधीच धरलेला असतो. तक्रारीला उशीर झाला असेल तर "14 तारखेपासून तक्रार देईपर्यंत काय काय झालं?" एवढं पुरे.

प्रतिवादी
तक्रारीची प्रत कधी मिळाली? वाचलीत का?
14 मार्चची तुमची पाळी सुरुवातीपासून सांगा.
स्टोअरमध्ये कशासाठी गेलात? आत आणखी कोण होतं?
तुम्ही लिहिलेला धक्का नेमका कसा लागला? त्यानंतर दोघांपैकी कोण काय बोललं?
हे मेसेज कुणी पाठवले? कशाबद्दल होते?
तुमच्या बाजूने कोणते कागद, कोणते साक्षीदार बघावेत?

"म्हणजे हात लावल्याचं मान्य आहे ना?" असं नको. उलटतपासणीचे प्रश्न दोघांनीही लेखी द्यावेत, ते अध्यक्ष विचारतील. वकील कुणालाच आणता येणार नाही.

साक्षीदार (स्टोअरचे मदतनीस)
त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात? तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं?
तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय ऐकलंत? दुसऱ्याकडून काय कळलं, कुणाकडून?
दोघांशी तुमचं काम कसं जोडलेलं आहे?
या सुनावणीबद्दल कुणी तुमच्याशी बोललं का? काय बोललं?

तक्रारदार काय म्हणाल्या हे साक्षीदाराला सांगू नका, नाहीतर ते तेच परत सांगतील.

शेवटी तिघांनाही: "आम्ही विचारायचं राहिलं असं काही आहे का?" जबाब वाचून दाखवा. दुरुस्त्या त्यांच्याच हाताने करून घ्या, मगच सही.