जपानी डब्यावरची दूध करण्याची कृती, फोटोंवरून मराठीत

बाळ : दोन महिने पूर्ण, वजन साडेपाच किलोच्या आसपास. घर : निशिकासाई, तोक्यो. डबा : ८०० ग्रॅमचा, जन्मापासून चालणारा. साताऱ्याहून आलेल्या आजी दुपारचं आणि संध्याकाळचं दूध करणार आहेत, त्यांच्यासाठी हे उतरवलं आहे. कागद ओट्यावर, पाण्याच्या पॉटच्या वर चिकटवावा.

आकडे डब्यावर जसे छापलेत तसेच ठेवले आहेत. आम्ही घातलेला मजकूर प्रत्येक ठिकाणी "टीप" म्हणून वेगळा आहे. डब्यावर आकडा नाही तिथे आम्हीही घातलेला नाही.

फोटो १ : डब्याची पुढची बाजू

सोबतच्या चमच्याचा सपाट १ चमचा = २.६ ग्रॅम पावडर = २० मिलि तयार दूध.

टीप : सगळ्या कागदातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर "३० मिलि पाण्यात १ चमचा" असं असतं. तिथे आधी पाणी मोजतात, मग त्यात पावडर टाकतात. इथे छापलेला शब्द आहे "देकिआगारी", म्हणजे पावडर आणि पाणी मिळून बाटलीत शेवटी जेवढं दूध होतं तेवढं. १६० मिलि पाणी आधी मोजून घेतलं आणि त्यात ८ चमचे घातले, तर दूध १७५ मिलिच्या आसपास भरेल आणि तेवढं पातळ होईल. उलट, सवयीने ३० मिलिला एक चमचा धरला तर ते याहूनही पातळ होईल. आणि साताऱ्याहून आणलेल्या डब्यातला चमचा या डब्यात घालायचाच नाही. तो मोठा आहे, २.६ ग्रॅमचा नाही. तो चमचा घरातून काढूनच टाकलेला बरा.

फोटो २ : कृती

१. हात साबणाने धुवा. बाटली आणि निप्पल धुऊन निर्जंतुक केलेली असावीत.

२. सोबतच्या चमच्याने सपाट चमचे मोजून लागेल तेवढी पावडर बाटलीत घाला.

३. एकदा उकळून घेतलेलं, ७०° सेल्सिअस किंवा त्याहून जास्त गरम पाणी तयार दुधाच्या साधारण २/३ खुणेपर्यंत ओता. बाटली गोल फिरवत पावडर विरघळवा.

४. उकळून गार केलेलं पाणी किंवा गरम पाणी घालून तयार दुधाच्या खुणेपर्यंत भरा. खूण फेसाच्या खाली बघा. निप्पल आणि झाकण लावून पुन्हा हलवा.

५. शरीराच्या उष्णतेइतकं होईपर्यंत बाटली वाहत्या पाण्याखाली वगैरे धरून गार करा. हाताच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून तपासा आणि मग पाजा.

टीप, पायरी २ बद्दल : "सुरिकिरी" म्हणजे काठाबरोबर सपाट. डब्याच्या तोंडाला आतून एक सरळ पट्टी आहे. चमचा बुडवून वर काढायचा आणि पट्टीवर घासून जास्तीची पावडर खाली पाडायची. दाबून भरायचा नाही, डब्याच्या भिंतीवर आपटायचा नाही. दाबलं की तेवढ्याच चमच्यात जास्त पावडर बसते. चमचे मनात न मोजता मोठ्याने मोजा. मध्येच फोन वाजला आणि सहा की सात असा घोळ झाला, तर अंदाज न करता बाटली रिकामी करून पुन्हा सुरुवात करा. पावडर वाया गेली तरी चालेल.

टीप, पायरी ३ बद्दल : पाणी कोमट का नको, हा प्रश्न येणारच. ते ७०° दूध पचावं म्हणून नाही. पावडर कारखान्यात बंद झाली तरी ती निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला नावाचे जंतू क्वचित असू शकतात, आणि तान्ह्या बाळाला ते गंभीर आजारी पाडतात. ७०° किंवा त्याहून गरम पाणी पावडरीवर पडलं की ते मरतात. पाणी आधी उकळून मग कोमट करून घेतलं, तर पाण्यातले जंतू मेलेले असतात, पावडरीतले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हाच ७०° चा आकडा आहे.

घरातल्या इलेक्ट्रिक पॉटवर ९८, ९० आणि ७० अशी बटणं आहेत. पॉट आधी पूर्ण उकळतो आणि मग निवडलेल्या तापमानावर पाणी धरून ठेवतो. थंड काचेच्या बाटलीत ओतताना पाणी थोडं निवतं, म्हणून ९० वर ठेवलेलं चांगलं. डब्यावर "७०° किंवा जास्त" असं आहे, त्यामुळे ते चालतं. पॉट बंद असेल तर पातेल्यात निदान एक लिटर पाणी उकळा आणि गॅस बंद केल्यापासून ३० मिनिटांच्या आत वापरा. थोडंसंच उकळलं तर ते लवकर निवतं. बाटली फडक्यात धरा. झाकण लावून वरखाली जोरात हलवलं तर गरम दूध निप्पलमधून उडतं. गोल फिरवा असं डब्यावर म्हटलं आहे ते उगाच नाही. शिवाय फेस कमी होतो आणि खूण नीट दिसते.

टीप, पायरी ४ बद्दल : उकळून गार केलेल्या पाण्याला इथे "युझामाशी" म्हणतात. ते स्वच्छ झाकणाच्या बाटलीत रोज सकाळी करून ठेवलेलं असेल. नळाचं कच्चं पाणी यात घालायचं नाही, नळ कितीही चांगला असला तरी. दोन भाग ७०° चं आणि एक भाग २०° चं पाणी मिळून दूध ५३° च्या आसपास येतं. ते अजून पाजण्याजोगं नाही, पायरी ५ टाळता येत नाही.

टीप, पायरी ५ बद्दल : डब्यावर इथे अंशांचा आकडा नाही, "शरीराच्या उष्णतेइतकं" एवढंच आहे. मनगटाच्या आत थेंब ना गरम ना गार वाटला पाहिजे. बाटली नळाखाली धरताना झाकण लावलेलं असू द्या, नळाचं पाणी निप्पलला लागू नये.

फोटो ३ : वयाप्रमाणे तक्ता

| वय | अंदाजे वजन | सपाट चमचे | तयार दूध, एका वेळी | दिवसातून |
|---|---|---|---|---|
| ० ते १/२ महिना | ३.० किलो | ४ | ८० मिलि | ७ वेळा |
| १/२ ते १ महिना | ३.८ किलो | ५ | १०० मिलि | ७ वेळा |
| १ ते २ महिने | ४.८ किलो | ७ | १४० मिलि | ६ वेळा |
| २ ते ३ महिने | ५.८ किलो | ८ | १६० मिलि | ६ वेळा |
| ३ ते ४ महिने | ६.५ किलो | १० | २०० मिलि | ५ वेळा |
| ४ ते ५ महिने | ७.१ किलो | १० | २०० मिलि | ५ वेळा |

तक्त्याखालची ओळ : हे प्रमाण अंदाजासाठी आहे. बाळानुसार कमीजास्त होऊ शकतं.

टीप : पहिल्या फोटोत डब्याच्या गोलाईमुळे उजवा रकाना कापला गेला होता आणि १६० मधल्या ६ वर दिव्याची चमक होती. तो ८ ही वाचता आला असता. दुसरा फोटो मागवून, चमचे गुणिले २० असा ताळा करून आकडे घेतले आहेत. प्रत्येक ओळीत तो ताळा जुळतो. "१/२" म्हणजे अर्धा महिना, "१ किंवा २ महिने" नव्हे. सहाव्या महिन्यापासूनच्या ओळी वरच्या अन्नासकट आहेत. त्या आत्ता लागत नाहीत, म्हणून उतरवल्या नाहीत.

आपल्या बाळाला २ ते ३ महिन्यांची ओळ. आधी ८ सपाट चमचे, मग गरम पाणी १०० आणि ११० च्या खुणांच्या मध्ये येईपर्यंत (१६० चे २/३ म्हणजे १०७), विरघळल्यावर १६० पर्यंत. बाळाने १२० च पिऊन तोंड फिरवलं तर पुढच्या वेळी ६ चमचे आणि १२० मिलि करा. कमी दूध करायचं असेल तर चमचे आणि मिलि दोन्ही एकत्र कमी होतात. ८ चमचे ठेवून पाणी कमी करायचं नाही. "पोट भरत नाही" म्हणून एक चमचा जास्त किंवा "जड पडतंय" म्हणून थोडं पाणी जास्त, हेही नाही. घट्ट दुधाने बद्धकोष्ठ होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पातळ दुधाने वजन वाढत नाही, आणि फार पातळ झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. जुलाब लागले तरी दूध नेहमीच्याच प्रमाणात करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

फोटो ४ : इशारे

- दूध प्रत्येक वेळी ताजं करा. उरलेलं दूध पुन्हा पाजू नका.
- तयार केल्यापासून २ तासांत न वापरलेलं दूध टाकून द्या.
- मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. काही भाग फार तापतो आणि तोंड भाजू शकतं.
- गरम पाण्याने भाजणार नाही याची काळजी घ्या.

टीप : २ तास मोजायचे ते दूध केल्यापासून, बाळाने पहिला घोट घेतल्यापासून नाही. तोंड लावलेली बाटली मात्र पिणं संपलं की लगेच ओतून टाका. लाळ गेलेली असते.

फोटो ५ : डब्याचा तळ आणि बाजू

उघडल्यावर झाकण घट्ट लावून, ओलावा नसलेल्या थंड, स्वच्छ जागी ठेवा आणि १ महिन्याच्या आत संपवा. फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नका. उघडण्याआधीची मुदत तळाला छापली आहे.

टीप : तळाला २७.०३.०८ असं आहे. हे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने वाचायचं : २०२७, मार्च, ८ तारीख. आपल्या सवयीने वाचलं तर डबा २००८ चा वाटेल आणि कोणीतरी घाबरून फेकून देईल. ही मुदत बंद डब्याची आहे. उघडलेल्या डब्याला ती लागू नाही, त्याला फक्त १ महिना. उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा. चमचा डब्यात पुरून ठेवू नका, झाकणातल्या खोबणीत अडकवा. ओला चमचा कधीच आत घालू नका, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि मग माप चुकतं.

फोटो ६ : बाहेर न्यायच्या पुड्यांचं खोकं

१ पुडी = १३ ग्रॅम = १०० मिलि तयार दूध. उघडलेली पुडी एकाच वेळी पूर्ण वापरा.

टीप : १३ ग्रॅम म्हणजे डब्यातले ५ चमचे, प्रमाण तेच आहे. १६० मिलि पुड्यांनी होत नाही : दीड पुडी अंदाजाने ओतायची नाही. बागेत जाताना एक पुडी, १०० मिलि, आणि गरम पाणी चांगल्या थर्मासमध्ये. निघण्याआधी थर्मासमध्ये उकळतं पाणी भरा, कोमट भरलं तर ते ७०° च्या खालीच असेल. थर्मास भरून बराच वेळ झाला असेल आणि पाणी नुसतंच ऊन लागत असेल, तर त्याने दूध करू नका, घरी येऊन करा.