चारचा आकडा

वैशालीने मनीषाच्या अप्रेझल फॉर्मच्या चारही रकान्यांत 4 टाकला आणि शेऱ्यात लिहिलं, ‘मेहनती, प्रामाणिक, सहकाऱ्यांशी चांगले संबंध.’ मग वाचून पाहिलं. ही तीन विशेषणं अंबड एमआयडीसीतल्या कोणत्याही गेटवरच्या वॉचमनलाही चालली असती.

मनीषा आणि ती एकाच बॅचच्या ट्रेनी. पाथर्डी फाट्यावरून दोघी एकाच स्कूटीवर यायच्या. ऑक्टोबरमध्ये क्वालिटीच्या असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी दोघींनी अर्ज केला. जागा वैशालीला मिळाली. तेव्हापासून मनीषा डबा टूलरूमच्या पोरींबरोबर खाते आणि चारचौघांत मुद्दाम ‘मॅडम’ म्हणते.

सेल्फ रेटिंगमध्ये मनीषाने 4, 5, 5, 5 भरलं होतं. वेटेज लावल्यावर 4.75, म्हणजे सगळ्यात वरचा गट.

वैशालीने शेरा खोडला आणि फाइली काढल्या. अप्रेझल एप्रिल ते मार्चचं, तिच्या हाताखालचे महिने मात्र सहाच. पहिल्या सहामाहीसाठी तिने चाकणला बदली झालेल्या देशमुख साहेबांना फोन लावला. "आठवणीतलं नको सर, तुमच्या जुन्या मेलमध्ये काय आहे ते सांगा," असं तिने सुरुवातीलाच सांगितलं. नाहीतर डिसेंबरमधली एक चूक सगळं वर्ष खाऊन टाकते.

ती चूक अशी. आटे मापायच्या एका थ्रेड प्लग गेजची कॅलिब्रेशनची मुदत संपली होती, तरी तो 12 दिवस लाइनवर फिरला. गेजचं रजिस्टर मनीषाकडे. नंतर तपासल्यावर गेज मर्यादेत निघाला, माल परत आला नाही. पण ते नशीब होतं. कॅलिब्रेशन, वेटेज 25 टक्के: 3.

ग्राहकांच्या तक्रारी वर्षभरात 9. तात्पुरता बंदोबस्त, म्हणजे तक्रार सोडवण्याच्या आठ पायऱ्यांच्या 8D पद्धतीतला D3, नऊच्या नऊ वेळा 24 तासांत झाला होता. पूर्ण अहवालाची मुदत 15 दिवसांची. चार अहवाल उशिरा गेले. त्यातले दोन हीट ट्रीटमेंटच्या व्हेंडरमुळे अडकले, दोन मनीषाच्या टेबलावर. वेळेचं वेटेज 30: इथेही 3. पण तीच तक्रार परत येण्याचं प्रमाण मागच्या वर्षीच्या चारवरून एकवर आलं होतं, कारण मनीषा D4 मध्ये, मूळ कारणाच्या पायरीवर, ‘ऑपरेटरची चूक’ लिहून मोकळी होत नाही, फिक्स्चरपर्यंत जाते. वेटेज 30, आकडा 5. आणि तो हातचं न राखता द्यायचा, नाहीतर बाकीच्या तिनांवर कोण विश्वास ठेवणार? ट्रेनिंगला, वेटेज 15, 4.

बेरीज 3.75. साडेतीनच्या वर, म्हणून गट चारचाच. इतका खटाटोप करून आकडा पुन्हा तिथेच.

एक गोष्ट मात्र फॉर्ममध्ये बसत नव्हती. जानेवारीपासून मनीषाच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. वैशालीला हे त्या आईकडूनच, फोनवर कळलं होतं; ऑफिसला मनीषाने सांगितलेलं नव्हतं. ‘घरगुती अडचणी असूनही’ एवढं लिहून वैशालीने ते पुसलं. फॉर्म एचआरपासून प्लँट हेडपर्यंत फिरतो.

मीटिंग गुरुवारी, अकरा वाजता, काचेच्या भिंती नसलेल्या खोलीत. आकडे आधी सांगायचे नाहीत, हे तिने ठरवलं होतं. आकडा ऐकला की माणूस पुढचं ऐकत नाही. तिने पुन्हा न आलेल्या तक्रारींपासून सुरुवात केली, मग गेज, मग उशीर.

"गेजचं मान्य," मनीषा म्हणाली. "पण उशीर चारपैकी तीनदा व्हेंडरचा, मॅडम. दोनदा नाही." तिने फोनवर मेल उघडला. फेब्रुवारीतल्या रिपोर्टसाठी तिने व्हेंडरला तीन स्मरणपत्रं पाठवली होती. वैशाली सीसीमध्ये नव्हती.

वैशालीने तारखा ताडून पाहिल्या. खरं होतं. तिने तिथेच 3 चा 4 केला. एकूण 4.05. "गट बदलत नाही. गेजचा 3 तसाच राहील."

"आणि हा मेल मी आणला नसता तर?"

"तर 3 च गेला असता."

मनीषा जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "गेजचं डिसेंबरमध्ये घडलं. तेव्हा तू चकार शब्द बोलली नाहीस. डायरेक्ट मार्चच्या फॉर्मवर?"

याचं उत्तर वैशालीकडे नव्हतं. तेव्हा बोलले तर मैत्रिणीचा सूड वाटेल, म्हणून ती गप्प बसली होती, आणि हे आता सांगून उपयोग नव्हता. "बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "एप्रिलपासून महिन्यातून एकदा बसू. पहिला सोमवार, वीस मिनिटं."

"सोमवारी मला लवकर जावं लागतं. मंगळवार ठेवा."

का, ते वैशालीने विचारलं नाही. तिने कॅलेंडरमध्ये मंगळवार टाकला. मनीषाने पोर्टलवर ‘अंशतः सहमत’ निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहायला घेतलं: व्हेंडरमुळे होणारा उशीर पुढच्या वर्षी वेगळा मोजावा.

"वेगळा मोजायचा तर व्हेंडरला मेल गेल्याची तारीख पण लिही," वैशाली म्हणाली, "नाहीतर एचआर परत पाठवेल."